ऑप्शन बॅकटेस्टमधला खोटा नफा: वेळेचा शिक्का, आधीच दिसलेला भाव आणि गायब झालेले ट्रेड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

म्हापशाला आम्ही काही जण रविवारी सकाळी बसतो, प्रत्येकजण आपापला बॅकटेस्ट उघडून दाखवतो आणि बाकीचे त्यात चुका शोधतात. डिचोली, पेडणे, फोंड्याहून लोक मेसेज करून तेच तेच प्रश्न विचारत असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. सगळी उदाहरणं एनएसईच्या ऑप्शनची आहेत. जिथे "समजा" लिहिलंय तिथले आकडे समजावण्यासाठी घेतलेत, बाकीचे खरे आहेत.

१. मी तर जुनाच डेटा वापरतोय, मग त्यात "पुढचं आधीच बघितलं" असं कसं होईल?

डेटा जुना असला तरी त्या जुन्या दिवसातसुद्धा आधीचं आणि नंतरचं असतंच ना. तुमचा कोड सकाळी ९:२० ला निर्णय घेतोय असं तुम्ही म्हणताय, पण त्या निर्णयात वापरलेला एखादा आकडा प्रत्यक्षात ९:२१ ला, ३:३० ला किंवा रात्री जन्माला आलेला असतो, यालाच लुक-अहेड म्हणतात. म्हापशाच्या बाजारात सकाळी सातला बांगडा घेताना दुपारी बाराला तो कितीला मिळणार हे तुम्हाला माहीत नसतं, पण वहीत फक्त "शुक्रवार, बांगडा, अमुक रुपये" एवढंच लिहून ठेवलं आणि वर्षाने ती वही उघडली तर तो आकडा सातचा की बाराचा हे कळायला काही मार्ग नाही. ऑप्शनच्या डेटात हेच होतं, फक्त लाखो ओळींमध्ये.

म्हणून प्रत्येक आकड्याला दोन वेळा असतात असं धरून चालायचं. एक, तो आकडा कुठल्या वेळेबद्दल आहे, आणि दुसरी, तो तुमच्या हातात कधी आला असता. बहुतेक फाइलींत पहिलीच वेळ असते, दुसरी आपल्याला स्वतः काढून लिहावी लागते. खालच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांत हीच दुसरी वेळ येणार आहे.

२. कॅन्डलवर ०९:२० लिहिलंय म्हणजे तो ९:२० चा भाव ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त खोटा नफा इथेच तयार होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रोकरच्या एपीआयमध्ये एक मिनिटाच्या कॅन्डलवर सुरुवातीची वेळ असते. म्हणजे ०९:२० ची कॅन्डल ९:२०:०० ते ९:२०:५९ पर्यंतची. तिचा ओपन ९:२० ला कळतो, पण हाय, लो आणि क्लोज ९:२१ झाल्याशिवाय कळत नाहीत. एकाच ओळीत चार आकडे शेजारी शेजारी बसलेत आणि त्यातला एक बाकी तिघांपेक्षा एक मिनिट आधीचा आहे, पण शिक्का मात्र चौघांवर एकच.

आता समजा नियम असा आहे: निफ्टी स्पॉट त्या मिनिटात वर गेला तर ॲट-द-मनी पुट विकायचा. ०९:२० च्या कॅन्डलमध्ये स्पॉटचा ओपन २४,०१० आणि क्लोज २४,०४६. वर गेला, म्हणून सिग्नल आला, स्ट्राईक ठरली २४,०५०. त्याच ०९:२० च्या ओळीत २४,०५० पुटचा ओपन १४२ आणि क्लोज १२४. कोड म्हणतो "एन्ट्री ०९:२०, भाव ओपन", म्हणजे १४२ ला विकला. पण स्पॉट वर गेलाय हे कळायला पूर्ण मिनिट संपावं लागलं, आणि तोपर्यंत पुट १२४ वर आलेला. डेल्टा साधारण अर्धा, स्पॉट ३६ पॉइंट हलला, पुट १८ पॉइंट उतरला, हिशोब जुळतो. हे १८ पॉइंट तुम्हाला कधीच मिळाले नसते, पण बॅकटेस्टमध्ये ते एन्ट्रीच्या क्षणीच खिशात पडलेत. ७५ च्या लॉटला १,३५० रुपये, एका ट्रेडचे.

रोज एवढी हालचाल नसते हे मान्य. समजा त्या मिनिटातली सरासरी हालचाल १२ पॉइंट धरली, तर पुटमध्ये ६ पॉइंट, ७५ च्या लॉटला ४५० रुपये, आणि वर्षाचे २४० दिवस धरले तर १,०८,००० रुपये. एका लॉटवर! आणि यात सिग्नलला काही अर्थ असायची गरजच नाही, खाली गेला तर कॉल विकायचा हा उलटा नियमसुद्धा तेवढेच पैसे दाखवेल. इक्विटी कर्व्ह अगदी सरळ रेषेत वर जाते कारण ही रक्कम रोज थोडी थोडी पडते आणि कधीच मायनस होत नाही.

तुमच्या फाइलीत सुरुवातीची वेळ आहे की शेवटची ते ओळखायला दिवसाची पहिली आणि शेवटची कॅन्डल बघा. ०९:१५ पासून १५:२९ पर्यंत असेल तर सुरुवातीची, ०९:१६ पासून १५:३० पर्यंत असेल तर शेवटची. एक दिवस बघून थांबू नका, वर्षावर्षाला बघा, कारण मधेच सोर्स बदललेल्या फाइलींमध्ये ही पद्धतही मधेच बदललेली मी पाहिलीय.

३. मग कोडमध्ये नेमकं काय बदलायचं?

सिग्नलच्या टेबलमध्ये "हे कधी कळलं" असा वेगळा कॉलम टाकायचा आणि जोडणी त्या कॉलमवर करायची, कॅन्डलच्या शिक्क्यावर नाही. एक मिनिटाच्या, सुरुवातीची वेळ असलेल्या कॅन्डलसाठी एवढं पुरतं:

```python
spot["known_at"] = spot["ts"] + pd.Timedelta(minutes=1)
m = pd.merge_asof(
    opt.sort_values("ts"),
    spot[["known_at", "sig"]].sort_values("known_at"),
    left_on="ts", right_on="known_at",
    direction="backward",
    tolerance=pd.Timedelta(minutes=2))
```

`direction="backward"` म्हणजे त्या वेळेला किंवा त्याआधी कळलेलं असेल तेच घे. इथे `nearest` लिहिलं की पुढच्या मिनिटाचा आकडाही चालतो आणि एररसुद्धा येत नाही. `tolerance` का लावलाय ते प्रश्न ८ मध्ये आहे. यानंतर एन्ट्री ऑप्शनच्या ०९:२१ च्या ओपनला होते. तुमच्याकडे पाच मिनिटाच्या कॅन्डल असतील तर एकच्या जागी पाच मिनिटं, आणि स्वतः `resample` करून बनवल्या असतील तर लक्षात ठेवा की `resample("5min")` स्वतःहून सुरुवातीचीच वेळ लावतो.

४. भाई, कोड दोन हजार ओळींचा आहे, चूक कुठे आहे शोधत बसू शकत नाही. चूक आहे की नाही एवढं तरी पटकन कसं कळेल?

एन्ट्री एकेक मिनिटाने उशिरा करून बघा. तोच सिग्नल, तीच स्ट्राईक, फक्त विक्रीचा भाव ० मिनिट, १ मिनिट, २ मिनिटं, ३ मिनिटं उशिराचा घ्या आणि चारही नफे शेजारी लिहा.

खरी धार असेल तर ती हळूहळू बोथट होते. दिवसभर धरून ठेवायचा ट्रेड एक मिनिट उशिरा घेतल्याने थोडा बदलेल, कधी वाढेलही. पण ० ला वर्षाचे सव्वा लाख, १ ला पंधरा हजार, २ ला तेरा, ३ ला सोळा असं दिसलं तर पहिल्या पायरीवर जे कोसळलं ते पैसे शिक्क्यातून आलेले होते. दुसरी खूण ट्रेडमध्ये शिरल्यावरच्या पहिल्या मिनिटाच्या नफ्यात मिळते. सगळ्या ट्रेडचा पहिल्या मिनिटाचा नफा वेगळा काढून बेरीज करा. एकूण नफ्यातला मोठा भाग त्या एका मिनिटात झाला असेल तर पुढे बघायची गरज नाही.

मर्यादा पण सांगतो. ही चाचणी मिनिटांची गळती पकडते. संध्याकाळी कळणारा आकडा सकाळी वापरलात तर तीन मिनिटं उशीर करून काही फरक पडणार नाही, त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

५. मी फक्त रोजच्या भावकॉपीवर टेस्ट करतो, मिनिटांचा संबंधच नाही, मग मला हे लागू नाही ना?

तुम्हाला जास्त लागू आहे, कारण भावकॉपीची अख्खी ओळ बाजार बंद झाल्यावर तयार होते.

ओपन इंटरेस्टचं बघा. बरेच जण आजच्या तारखेच्या ओपन इंटरेस्टवरून सगळ्यात जास्त ओआय असलेली स्ट्राईक काढतात आणि आज सकाळी ९:२० ला त्याच्या बाहेर विकतात. तो ओआय दिवसभराच्या हालचालीनंतर जमलेला आहे, बाजार जिथे जाऊन थांबला त्याच्या आसपासच तो जमतो, म्हणून "बाजार ओआयच्या भिंतीच्या आत राहतो" हे सुंदर सिद्ध होतं. कालचा ओआय वापरा, त्यातलं बरंचसं सौंदर्य नाहीसं होईल.

दुसरी गोष्ट क्लोजची. निफ्टीचा अधिकृत क्लोज हा ३:३० चा शेवटचा टिक नसतो. त्यातल्या शेअर्सचे बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांच्या वजनी सरासरीने काढतात आणि त्यावरून इंडेक्सचा क्लोज ठरतो. ऑप्शनचा शेवटचा सौदा मात्र ३:२९ चा असू शकतो किंवा दुपारी एकचा. हे दोन आकडे एका ओळीत ठेवून "पॅरिटी तुटलीय, आर्बिट्राज आहे" म्हणणारे खूप मेसेज येतात. पॅरिटी तुटलेली नसते, वेगवेगळ्या वेळांचे भाव एका तारखेखाली बसलेले असतात. तसंच "३:२० ला क्लोज कालच्या हायच्या वर असेल तर" हा नियम अधिकृत क्लोजवर तपासता येत नाही, कारण ३:२० ला ती सरासरी अर्धवटच असते.

आणि ज्या ओळीत सौदे शून्य आहेत तिथेही क्लोजच्या कॉलममध्ये आकडा असतो. त्या भावाला कोणी काही घेतलं-विकलं नाहीये. तो भाव एन्ट्रीला वापरला तर तुम्ही कागदावरच्या माणसाला विकताय. आधी शून्यवाल्या ओळी एन्ट्रीसाठी बंद करा. पण एक्झिटच्या वेळी त्या सरळ काढून टाकू नका, त्याने वेगळीच भानगड होते, ती प्रश्न ७ मध्ये.

६. स्ट्रॅडलचं टार्गेट कॅन्डलच्या लो वर तपासतो, कॉलचा लो अधिक पुटचा लो. बरोबर ना?

चूक. कॉलचा लो येतो तेव्हा बाजार खाली असतो, म्हणजे पुट वर असतो. दोघांचा लो एकाच क्षणी येणं जवळपास अशक्य.

समजा एका मिनिटात कॉल ११८ वरून १०९, मग १३१, शेवटी १२८. त्याच वेळी पुट १२२ वरून १३०, मग ११२, शेवटी ११३. खरी बेरीज २४० वरून २३९, मग २४३, मग २४१. म्हणजे स्ट्रॅडल जागचा हललाच नाही. पण दोन लोंची बेरीज १०९ अधिक ११२ म्हणजे २२१ होते. टार्गेट १५ पॉइंटचं असेल तर कोड २२५ ला ट्रेड बंद करून नफा लिहून मोकळा. जेवढा बाजार जास्त हलेल तेवढं हे खोटं टार्गेट सहज लागतं, त्यामुळे ज्या दिवशी स्ट्रॅडल विकणाऱ्याचं खरंच नुकसान व्हायला हवं त्याच दिवशी बॅकटेस्ट सगळ्यात लवकर नफ्यात बाहेर पडतो.

टिक डेटा नसेल तर टार्गेट मिनिटाच्या क्लोजच्या बेरजेवर तपासा. एकाच पायावर स्टॉप आणि टार्गेट दोन्ही असेल आणि एकाच मिनिटात दोन्ही लागले असतील तर आधी स्टॉप लागला असं धरा. त्याने थोडा अन्याय होतो, पण तो तुमच्या विरुद्ध होतो, चालेल.

७. मी फक्त निफ्टी ऑप्शन करतो. निफ्टी काही डीलिस्ट होत नाही, मग सर्व्हायव्हरशिप बायस माझ्याकडे कुठून येणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. शेअरमध्ये कंपनी मरते आणि टेस्ट फक्त टिकलेल्यांवर होते, हाच तो बायस. ऑप्शनमध्ये कंपनी मरायची गरज नाही, एक ओळ मेली तरी पुरतं. आणि ती ओळ बहुतेक वेळा आपण स्वतः मारतो, या एका शब्दाने:

```python
trades = trades.dropna()
```

कसं होतं बघा. तुम्ही थोडा बाहेरचा पुट विकलात. बाजार शांत राहिला तर तो पुट स्पॉटजवळच राहतो, त्यात दर मिनिटाला सौदे होतात, एक्झिटचा भाव मिळतो. बाजार कोसळला तर तोच पुट खोल इन-द-मनी जातो, सौदे विरळ होतात, आणि ३:१५ च्या मिनिटात त्या स्ट्राईकमध्ये एकही सौदा झाला नसेल तर कॅन्डलच नसते. एक्झिटचा भाव `NaN`. `dropna()` ने तो ट्रेड गेला. म्हणजे डेटा आंधळेपणाने गायब होत नाहीये, तोट्यातले ट्रेड निवडून गायब होतायत.

४ जून २०२४ घ्या, निवडणूक निकालाचा दिवस. ३ जूनला निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला होता, ४ जूनला २१,८८४.५० वर. आदल्या दिवशी २३,१५० चा पुट विकून ठेवला असता तर दुसऱ्या दिवशीच्या क्लोजला त्याची निव्वळ अंतर्गत किंमतच १,२६५.५० पॉइंट होते, तेव्हाच्या २५ च्या लॉटला ३१,६३७.५० रुपये. तुमच्या फाइलीत एक्झिटच्या मिनिटाला या स्ट्राईकची ओळ नसेल तर हा अख्खा तोटा रिझल्टमधून पुसला जातो, आणि विकणाऱ्याच्या स्ट्रॅटेजीत असे वर्षातले दोन-तीन दिवसच पूर्ण निकाल ठरवतात. समजा दहा ट्रेड केले, आठांत ३० पॉइंट कमावले, दोनांत १६० आणि १९० गमावले. खरा निकाल उणे ११०. ते दोन गायब झाले की अधिक २४०, आणि विन रेट शंभर टक्के!

ओळखायला सोपं आहे. जितक्या दिवशी एन्ट्री झाली तितके एक्झिट आहेत का मोजा. कमी असतील तर गायब ट्रेडच्या तारखा काढा आणि त्या दिवशी निफ्टी किती हलला ते बघा. गायब तारखांची सरासरी हालचाल बाकीच्या दिवसांपेक्षा मोठी असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

दुरुस्ती अशी: ट्रेड कधीच गाळायचा नाही, भाव बांधायचा. खोल इन-द-मनी पुटचा भाव त्याच स्ट्राईकच्या कॉलवरून काढता येतो, कारण तो कॉल तेव्हा स्वस्त आणि बाहेरचा असतो आणि त्यात सौदे होत असतात. पुट म्हणजे स्ट्राईक वजा फ्युचर अधिक कॉल. एक्स्पायरी काही दिवसांवर असेल तर व्याजाचा भाग सोडून दिला तरी चालतो. फक्त फ्युचर त्याच एक्स्पायरीचा हवा, आणि वीकली एक्स्पायरीला फ्युचर नसतो, म्हणून जवळच्या ॲट-द-मनी स्ट्राईकवरून तो काढा: स्ट्राईक अधिक कॉल वजा पुट. आणि आलेल्या भावात वर काही पॉइंट घाला, कारण अशा स्ट्राईकमध्ये खरेदी-विक्रीतलं अंतर मोठं असतं आणि तुम्हाला घाईत परत विकत घ्यायचंय.

८. भाव नसेल तर मी आधीचा भाव पुढे ओढतो, `ffill`. मग ट्रेड गायब होत नाही ना?

ट्रेड राहतो पण भाव मेलेला असतो, आणि यात तारीख सांगता येईल असं एक उदाहरण आहे. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. एनएसईचं ट्रेडिंग तांत्रिक बिघाडामुळे ११:४० ला थांबलं, ते ३:४५ ला परत सुरू झालं आणि ५ पर्यंत चाललं. परत सुरू झाल्यावर बाजार जोरात वर गेला. तुमचा नियम "३:१५ ला बाहेर" असेल तर त्या दिवशी ३:१५ ला बाजारच नव्हता. `ffill` ने ११:३९ चा भाव ३:१५ वर आणला, तुम्ही शांतपणे बाहेर पडलात, कॉल विकलेल्याला काही झालं नाही. खऱ्या माणसाची पोझिशन मात्र चार तास अडकलेली होती आणि पावणेचारला नव्या भावाला उघडली.

भाव ओढायचाच असेल तर किती जुना चालेल याची मर्यादा घाला, मी दोन मिनिटं ठेवतो, प्रश्न ३ मधला `tolerance` त्यासाठीच. मर्यादा ओलांडली की प्रश्न ७ प्रमाणे भाव बांधायचा, आणि बाजारच बंद असेल तर पुढचा पहिला खरा भाव घ्यायचा. "पुढचा भाव घेणं म्हणजे लुक-अहेड नाही का?" असं एका ताईंनी विचारलं होतं. निर्णयासाठी पुढचा भाव वापरला तर लुक-अहेड. बाहेर पडायचं आधीच ठरलंय आणि पैसे पुढच्या भावाला मिळाले, हा साधा व्यवहार.

९. स्टॉक ऑप्शनमध्ये काय वेगळं बघायचं?

इथे शेअरवाला जुना सर्व्हायव्हरशिप बायस पूर्ण ताकदीने येतो. ब्रोकरची इन्स्ट्रुमेंट लिस्ट आज चालू असलेल्या कॉन्ट्रॅक्टची असते. ती उतरवून घेऊन २०१८ पासून टेस्ट केलीत तर तुम्ही आज एफ अँड ओ मध्ये टिकून असलेल्याच कंपन्यांचे पुट विकताय. २०१८ मध्ये डीएचएफएल आणि जेट एअरवेज दोन्ही एफ अँड ओ मध्ये होत्या. २१ सप्टेंबर २०१८ ला डीएचएफएल एका दिवसात सुमारे ४२ टक्के पडला. पुढे कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि २०२१ मध्ये शेअर बाजारातून काढला गेला. आजच्या लिस्टमध्ये ते नावच नाही, त्यामुळे तुमच्या बॅकटेस्टमध्ये तो दिवस उगवतच नाही.

उपाय एकच, प्रत्येक दिवसाची यादी त्या दिवसाच्या भावकॉपीतूनच काढायची. नुसती कंपन्यांची नाही, स्ट्राईकचीसुद्धा. एक्स्पायरीच्या दिवशीच्या फाइलीतून स्ट्राईकची यादी घेतली तर बाजार तिकडे गेल्यामुळे मागाहून उघडलेल्या स्ट्राईकही पहिल्या दिवसापासून होत्या असं कोड समजतो, म्हणजे बाजार कुठे जाणार ते यादीच सांगून टाकते.

१०. एका ठिकाणाहून रेडीमेड "एटीएम कॉल" ची अखंड सिरीज घेतलीय, ती चालेल का?

नफा-तोटा काढायला नाही. त्या सिरीजमध्ये स्पॉट हलला की स्ट्राईक बदलते. ९:२० ला २४,०५० चा कॉल १२० ला विकलात, स्पॉट २०० पॉइंट वर गेला, तुमचा कॉल समजा २५० झाला. पण सिरीज आता २४,२५० चा कॉल दाखवतेय, ११० ला. कोड म्हणतो १० पॉइंट नफा, खरा तोटा १३०. ती सिरीज व्होलॅटिलिटी बघायला वापरा, पोझिशनला स्ट्राईकचं नाव चिकटलेलंच हवं.

११. वेळेचा झोन चुकला तर सगळं उघडच गडबडलेलं दिसेल ना, त्यात खोटा नफा कसा?

मलाही असंच वाटायचं आणि त्यात माझे सहा आठवडे गेले. स्पॉटचा डेटा एकाकडून घेतला होता, त्याचे शिक्के यूटीसीमध्ये होते पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. ऑप्शनचे शिक्के आपल्या वेळेत. दोघांमध्ये साडेपाच तासांचं अंतर. यूटीसीमध्ये आपला बाजार ०३:४५ ते १०:०० दिसतो. मी दोन्ही टेबल वेळेवर जोडली, जुळल्या त्याच ओळी राहिल्या, त्या ०९:१५ ते १०:०० च्या. आणि माझी स्ट्रॅटेजी नेमकी ९:२० ची! त्यामुळे माझ्यासाठी काहीच गहाळ दिसेना. पण यूटीसीतला ०९:२० म्हणजे आपल्याकडचे दुपारचे २:५०. मी सकाळच्या ऑप्शनवर दुपारचा स्पॉट बघून दिशा ठरवत होतो. तो नफा बघून मी घरी सांगून पण टाकलं होतं, मग ते शब्द परत घ्यावे लागले.

मला हा घोळ पकडता आला एका साध्या तपासणीने. ॲट-द-मनी कॉल वजा पुट अधिक स्ट्राईक, हा ऑप्शनमधून निघणारा फ्युचर प्रत्येक मिनिटाला काढायचा आणि जोडलेल्या स्पॉटशी त्याचा फरक बघायचा. बरोबर जोडलेल्या डेटात हा फरक लहान आणि दिवसभर सारखा असतो. माझ्याकडे तो कधी अधिक शंभर, कधी उणे दीडशे असा उड्या मारत होता. आता कुठलीही नवी फाइल आली की पहिलं हेच करतो, स्ट्रॅटेजी नंतर.

इपॉक सेकंद असतील तर असं बदलायचं:

```python
df["ts"] = pd.to_datetime(df["ts"], unit="s", utc=True).dt.tz_convert("Asia/Kolkata")
```

आणि मग दिवसाची पहिली कॅन्डल ०९:१५ येते का बघायचं. ०३:४५ आली तर बदल झालाच नाही. १४:४५ आली तर देणाऱ्याने आपलीच वेळ यूटीसी म्हणून लिहिली होती आणि तुम्ही वर अजून साडेपाच तास घातलेत.

१२. मी घरीच लॅपटॉपवर लाइव्ह टिक रेकॉर्ड करतो. हा तर सगळ्यात शुद्ध डेटा ना?

शुद्ध आहे, पण शिक्का कोणता मारताय? लॅपटॉपचं घड्याळ मारत असाल तर ती टिक तुमच्याकडे पोचल्याची वेळ आहे, एक्सचेंजची नाही. पोचल्याची वेळ निर्णयासाठी उलट चांगली, कारण तुम्हाला खरंच तेव्हाच कळलं होतं. अडचण येते ती दोन सोर्स एकत्र करताना, आणि पावसात. जून-जुलैत आमच्याकडे दिवसातून दोनदा लाइट जाते, राउटर बंद, कनेक्शन परत आलं की प्रत्येक स्ट्राईकचा शेवटचा भाव एकदम येतो. ज्या स्ट्राईकमध्ये वीस मिनिटांपूर्वी शेवटचा सौदा झाला तिचाही भाव आताच्या शिक्क्याने लिहिला जातो, मग स्वस्त राहिलेली स्ट्राईक "सापडते". दोन्ही वेळा साठवा, शेवटच्या सौद्याची आणि पोचल्याची, आणि दोघांत जास्त अंतर असलेल्या ओळींवर एन्ट्री घेऊ नका. लॅपटॉपचं घड्याळ नेटवरून जुळवलेलं ठेवा, काही सेकंद पुढे-मागे झालं तरी मिनिटाच्या कडेला टिक चुकीच्या कॅन्डलमध्ये पडते.

१३. लॉट साइझ, एक्स्पायरीचा वार वगैरे पण यातच येतं का?

येतं, आजचा नियम मागे लावणं हेही लुक-अहेडच. निफ्टीची वीकली एक्स्पायरी ऑगस्ट २०२५ पर्यंत गुरुवारी होती, सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारी. बँक निफ्टीची वीकली नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०६२५ वरून ०.१ टक्के झाला. हे कोडमध्ये हाताने लिहू नका, एक्स्पायरी त्या दिवसाच्या फाइलीतून घ्या. आणि शनिवार-रविवार सरसकट गाळू नका, १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवारी बजेटसाठी बाजार पूर्ण वेळ चालू होता.

१४. सगळं दुरुस्त केलं आणि आता स्ट्रॅटेजी तोट्यात आहे. मी उलट जास्तच कापलं असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एक मिनिट दोनदा घालणं: फाइलीत आधीच शेवटची वेळ होती, त्यावर `known_at` ला अजून एक मिनिट दिलं, आणि वर एन्ट्री "पुढच्या कॅन्डलला" म्हणून `shift(1)` पण केलं. प्रश्न २ मधली पहिली-शेवटची कॅन्डल परत बघा. दुसरं, बांधलेल्या भावावर प्रश्न ७ मधला जादा पॉइंटांचा दंड लावताना तो सगळ्याच ट्रेडवर लागला नाही ना ते तपासा, तो फक्त बांधलेल्या ओळींवर हवा.

हे दोन्ही ठीक असेल तर कुठलेही दहा दिवस निवडा, त्यात निदान तीन मोठ्या हालचालीचे असू देत, आणि ते दहा ट्रेड हाताने, चार्ट उघडून, एकेक मिनिट पुढे सरकवत लिहून काढा. हाताने आलेला भाव आणि कोडचा भाव जिथे वेगळा आहे त्या ओळीचा शिक्का आम्हाला पाठवा, निकालाचा स्क्रीनशॉट नको.